चौथी सळई

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या जर्नलात 'चुकांची कारणं' असा एक मथळा असतो. त्याखाली वर्षानुवर्षं एकच उत्तर लिहिलं जातं: मानवी चूक. कुठला मानव, कसली चूक, केवढी चूक, हे विचारायची त्या कॉलेजात पद्धत नव्हती. मागच्या बॅचने लिहिलं म्हणून या बॅचने लिहायचं, शेवटी 'अशा प्रकारे आपण ताण चाचणीचा अभ्यास केला' असं म्हणून पट्टीने रेघ मारायची आणि चहाला जायचं. दानेश्वरी बिराजदारनेही पहिल्या वर्षी प्रत्येक प्रयोगाला हेच लिहिलं होतं. तेव्हा तिचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते या वर्षी, कारण या वर्षी तो मानव म्हणजे ती स्वतःच निघाली.

प्रयोग तसा साधा. माइल्ड स्टीलची एक सळई घ्यायची, मधला भाग लेथवर कातून दहा मिलिमीटर जाडीचा करायचा, दोन्ही जाड टोकं यूटीएम नावाच्या उंचच उंच यंत्राच्या जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची. डायलवर एक काळा काटा जोराबरोबर पुढे जातो आणि एका लाल काट्याला ढकलत नेतो. काळा मागे आला तरी लाल तिथेच थांबतो. म्हणजे सर्वांत जास्त जोर किती लागला ते लाल काटा सांगतो. त्या जोराला सळईच्या कापाच्या क्षेत्रफळाने भागलं की धातूची ताकद निघते. सळई आधी ताणते, मग एका जागी तिची कंबर बारीक होते आणि मग धाडकन आवाज होऊन दोन तुकडे होतात. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा दानेश्वरीच्या बाजूची मुलं दचकून मागे सरली होती. ही एक पाऊल पुढे सरकली होती. आपल्याला आयुष्यभर हेच करायचं आहे, लोखंड तोडायचं आणि ते का तुटलं ते सांगायचं, हे तिला त्याच दुपारी पक्कं कळलं.

आणि संधीही चालून आली होती. चिंचोळीच्या एमआयडीसीत धातू तपासणारी एक लॅब होती. त्यांना उन्हाळ्यात शिकाऊ म्हणून एक विद्यार्थी हवा होता. एकच. निवड करणार होत्या बनसोडे मॅडम, त्याही या प्रयोगाचा रिपोर्ट वाचून.

संघप्रिया बनसोडे मॅडम या वर्षीच कॉलेजात आल्या होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी वर्गाची झोप उडवली. "रिपोर्टमध्ये एरर ॲनालिसिस पाहिजे," त्या म्हणाल्या. "डायल किती बारीक वाचता येतो, व्हर्निअर किती बारीक, त्यामुळे तुमचं उत्तर किती वरखाली होऊ शकतं. आणि चार सळयांची चार उत्तरं एकमेकांपासून किती विखुरली, का विखुरली, त्यावर एक पान. स्वतःच्या शब्दांत."

बाकी सगळं मुलांनी सहन केलं असतं. 'स्वतःच्या शब्दांत' ऐकल्यावर मात्र मागच्या बाकावर कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

दानेश्वरीच्या बॅचमध्ये चौघं. महेश्वर, सिद्धांत, अजिंक्य आणि ती. महेश्वरचं अक्षर मोत्यासारखं आणि लेथवरचा हात बॅचमध्ये सगळ्यांत बरा, त्यामुळे सळया कातायचं आणि जर्नल लिहायचं अशी दोन्ही खाती त्याच्याकडे. सिद्धांतकडे फोटो काढायचं खातं. अजिंक्य यंत्राजवळ उभा राहून, जोर वाढवायला, "सोड, सोड, अजून सोड" असं ओरडायचा आणि त्याला तो कंट्रोल म्हणायचा. चौघांनी एकेक सळई तोडली. पहिली महेश्वरने, चौतीस किलोन्यूटनला. दुसरी सिद्धांतने, साडेचौतीसला. तिसरी अजिंक्यने, साडेतेहतीसला. चौथी दानेश्वरीची. ती एकोणतीसलाच गेली.

"एवढ्यातच?" अजिंक्य म्हणाला.

"लाल काटा बघ की," दानेश्वरी म्हणाली. "एकोणतीस."

सगळ्यांनी बघितलं, तक्त्यात लिहिलं, तुटके तुकडे आठवण म्हणून खिशात घातले आणि कँटीनला पळाले. व्यासाच्या रकान्यात महेश्वरने चारही ठिकाणी सुंदर अक्षरात १०.०० लिहिलं. जाडी मोजायचा व्हर्निअर कॅलिपर हाताशीच होता. सिद्धांत त्या कॅलिपरने पाण्याच्या बाटलीचं अडकलेलं झाकण काढत होता.

रिपोर्टची पहिली प्रत महेश्वरने एका संध्याकाळी लिहून काढली आणि ती इतकी देखणी होती की फ्रेम करून लावावी. आलेख गुळगुळीत. चार सळयांची ताकद: ४३३.१, ४३३.३, ४३२.९ आणि दानेश्वरीची ४३३.२ मेगापास्कल. एकोणतीसचे त्याने चौतीस केले होते, बाकीचे आकडेही एकमेकांच्या जवळ सरकवून एका रांगेत उभे केले होते.

"हे काय बे?" दानेश्वरी म्हणाली.

"सेटिंग," महेश्वर म्हणाला. "मॅडमना विखुरलेलं आवडत नसंल तर? हे कसं, सगळं जवळ जवळ. कुटुंबासारखं."

मॅडमनी ती प्रत वाचायला फार वेळ घेतला नाही. चौघांना टेबलापुढे उभं केलं.

"डायलवर एका बारीक रेघेची किंमत किती?"

"अर्धा किलोन्यूटन, मॅडम," चौघं म्हणाले.

"अर्धा किलोन्यूटन म्हणजे तुमच्या या सळईवर साधारण सहा मेगापास्कल. म्हणजे डोळा एक रेघ इकडेतिकडे झाला तर उत्तर सहाने हलणार. आणि तुमची चार उत्तरं पॉइंट चारमध्ये बसलीत." त्यांनी चौघांच्या डोळ्यांत आळीपाळीने बघितलं. "ज्या काट्यावर सहा दिसतात, त्याच्यावर तुम्ही पॉइंट एक वाचलात. डोळ्यांत काय घातलंयत?"

अजिंक्य नेमका तेव्हाच डोळे चोळत होता. त्याने घाईने हात खाली घेतला.

"खरे आकडे आणा," मॅडम म्हणाल्या. "शनिवारपर्यंत. आणि एकही आकडा गाळायचा नाही. वेगळा वाटला तर तो वेगळा का, ते लिहायचं."

खरे आकडे मग नाइलाजाने बाहेर आले. ४३३, ४३९, ४२७. आणि चौथा ३६९. पहिल्या तिघांत सहा-सहाचा फरक, म्हणजे डायलच्या एका रेघेएवढा, त्याबद्दल काही तक्रार नव्हती. चौथा त्यांच्यापासून चौसष्ट खाली, घरात रुसून कोपऱ्यात बसलेल्यासारखा. महेश्वरने दुसरी प्रत लिहायला घेतली आणि विखुरण्याच्या पानावर एक ओळ लिहिली: 'चौथ्या नमुन्यातील तफावत ही मानवी चुकीमुळे आहे. (चाचणी घेणारी व्यक्ती: दा. गु. बिराजदार.)'

दानेश्वरीने ती ओळ दोनदा वाचली. कानाच्या पाळ्या तापल्या.

"माझं नाव कशाला?"

"मॅडम म्हणाल्या की, कारण लिहा. कारण तूच हायस."

"मी काय चुकले?"

"काटा वाचायला चुकलीस," महेश्वर म्हणाला. तो मान वर न करता ओळीखाली रेघ मारत होता.

आता यात रागवण्यासारखं काय, असं एखाद्याला वाटेल. दोन शब्द तर आहेत. पण हा रिपोर्ट मॅडम वाचणार होत्या आणि त्यावरून चिंचोळीच्या लॅबला एक जण जाणार होता. ज्या मुलीला डायलवरचा काटा वाचता येत नाही, तिला धातू तपासायला कोण बोलवेल? मेकॅनिकलला मुलगी गेली म्हणून आधीच अर्ध्या नातेवाइकांनी तोंड वाकडं केलं होतं. त्यांच्या हातात हे पान पडलं असतं तर त्यांनी ते पूजेला ठेवलं असतं. दानेश्वरीने फाइल ओढून घेतली आणि पेनाने ती ओळ अशी खोडली की कागद फाटला.

"लई चांगलं पान होतं ते," महेश्वर कळवळून म्हणाला.

"मी बरोबर वाचलंय. दाखवते."

पुरावा सिद्धांतच्या फोनमध्ये निघाला. चौथी सळई तुटल्यावर त्याने तुकड्यांबरोबर स्वतःचा फोटो काढला होता. दोन बोटं वर, जीभ बाहेर आणि उजव्या कानाच्या मागे यूटीएमचा डायल. फोटो मोठा केला. कानाच्या पाळीच्या बरोबर वर लाल काटा दिसत होता, एकोणतीसच्या रेघेवर.

"बघ," दानेश्वरी म्हणाली.

"फोटो बाजूनं काढलाय," महेश्वर म्हणाला. "पॅरॅलॅक्स असतो त्यात. काटा सरकल्यासारखा दिसतो."

"पाच किलोन्यूटन सरकंल व्हय? दहा रेघा?"

"शिवाय कान मध्ये हाय."

"माझ्या कानाला काय बोलायचं न्हाय," सिद्धांत म्हणाला.

मग प्रत्येकाने आपापलं कारण काढलं. सिद्धांत म्हणाला लाइट डिम झाली असेल. पण यंत्राचा पंप मंद चालला तर सळई सावकाश ताणते, पाच किलोन्यूटन अलीकडेच तुटत नाही, हे दानेश्वरीने त्याला समजावलं. अजिंक्य म्हणाला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्राच्या पूजेत जबड्यांना तेल-कुंकू लागलं होतं, तिथे सळई घसरली असेल. हे दानेश्वरीला बराच वेळ पटलं होतं. खंडेनवमीला यूटीएमला हार घालतात, नारळ फोडतात, आणि त्या दिवशी अजिंक्यनेच भक्तीच्या भरात जबड्याच्या दातांना वाटीभर तेल चोपडलं होतं. पण घसरली असती तर काळा काटा मधूनच खाली पडून पुन्हा चढला असता आणि टोकांवर ओरखडे आले असते. शिवाय सळई घसरली म्हणून तिच्या कमरेतलं लोखंड काही मऊ होत नाही. लाल काटा शेवटी जायचा तिथेच गेला असता. तिने ते कारण लिहिलं आणि खोडलं. महेश्वरने एकही कारण सुचवलं नाही. तो समासाच्या रेघा मारत बसला होता. एरवी चर्चेत पहिला तोंड घालणारा पोरगा असा गप्प बसला, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नाही. रागात माणसाला समोरचं दिसत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी ती बाळीवेसला घरी आली तेव्हा तिच्याकडे खोडलेल्या कारणांचं एक पान होतं आणि लिहायला एकही कारण नव्हतं. स्वयंपाकघरात आजी अक्कम्मा शेंगाचटणीची तयारी करत बसली होती. पाट्यावर दाणे, तिखट आणि लसणीचा ढीग.

"याक ग, तोंड असं का?" अक्कम्माने विचारलं.

"माझी सळई लवकर तुटली, अज्जी."

"मग बरं की. लवकर सुटलीस." अक्कम्माला या शिक्षणाबद्दल पहिल्यापासून शंका होती. एवढी फी भरून चांगलं लोखंड मोडायचं, आणि मोडलं नाही तर नापास, हे तिच्या कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. बोलता बोलता तिने लसणीची पाकळी पाट्यावर ठेवली आणि हातातल्या लोखंडाने फाटकन ठेचली.

दानेश्वरीने त्या लोखंडाकडे बघितलं. एक टोक जाड, मग बारीक दांडा, आणि दुसऱ्या, तुटलेल्या टोकाला वाटीसारखा खळगा.

"अज्जी! ती माझी सळई हाय!"

"असू दे की. लई छलो हाय, लसणीला. हातात बसतीय."

चौथ्या सळईचा हा अर्धा भाग तिने कौतुकाने घरी आणून खिडकीत ठेवला होता. तिथून तो स्वयंपाकघरात केव्हा नोकरीला लागला ते तिला कळलं नव्हतं. तिने तो हिसकावून घेतला, नळाखाली धुतला, आणि मनात दुसरंच काही असल्याने नुसता हातात फिरवत बसली. आजीचं म्हणणं खरं होतं, हातात बसत होता. फार चांगला बसत होता. सिद्धांतचा तुकडा ती रोज हातात घ्यायची, वर्गात तो त्याने कागद दाबायला ठेवलेला असायचा. तो असा बसायचा नाही. तो जरा भरलेला लागायचा.

शनिवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये गेली. वाटेत वर्गातल्या सिद्धांतच्या बाकावरून त्याचा तुकडा उचलला होता, तो आपल्या तुकड्याशेजारी उभा केला. जबड्यात धरायची जाड टोकं दोन्हींची सारखी. मधले दांडे मात्र सारखे नव्हते. तिचा बारीक होता. डोळ्यांनी दिसण्याइतका.

ताणल्यावर सळई बारीक होतेच, हे तिला माहीत होतं. पण ओढण्याआधी किती होती ते आता कसं कळणार? तिने ट्रेमधला व्हर्निअर उचलला. मग तिला सळईवरचे ठिपके दिसले. तोडायच्या आधी मधल्या भागावर दर दहा मिलिमीटरला पंचने ठिपका मारायचा असतो, लांबी किती वाढली ते बघायला. कमरेपासून दूरचे दोन ठिपके तिने मोजले. दहाचं अंतर अकरा पूर्णांक सात झालं होतं. तिथला व्यास आठ पूर्णांक सहा. लोखंड लांबलं तेवढंच बारीक झालं असणार, त्याचं एकूण आकारमान काही कमी होत नाही. म्हणजे आधीचं क्षेत्रफळ आताच्या क्षेत्रफळाच्या एक पूर्णांक सतरा पट. तिने गणित केलं. मूळ व्यास आला नऊ पूर्णांक तीन.

सिद्धांतच्या तुकड्याचं तसंच केलं. दहा.

तिने एकोणतीसला नऊ पूर्णांक तीनच्या क्षेत्रफळाने भागलं. चारशे सत्तावीस. अजिंक्यएवढंच. दानेश्वरी स्टुलावर बसली आणि एकटीच मोठ्याने हसली. काटा बरोबर होता, डोळा बरोबर होता, लोखंडही बरोबर होतं. सळईच बारीक होती! आणि सळया कोणी कातल्या होत्या ते चौघांनाही माहीत होतं.

महेश्वर आला तेव्हा तिने दोन्ही तुकडे त्याच्यापुढे ठेवले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"शेवटचा कट जास्त बसला," तो म्हणाला. "हात सुटला लेथवर. पॉलिश पेपर मारून चकचकीत केली. नवी कातायला वेळच न्हवता."

"आणि मला सांगितलं न्हाईस! माझं नाव लिहिलंस! मानवी चूक!" तिचा आवाज चढला तसे दारात आलेले सिद्धांत आणि अजिंक्य तिथेच थांबले. "मी व्हर्निअर लावला असता तर तेव्हाच सापडला असतास."

"व्हय," महेश्वर म्हणाला. मग खाली बघत, अगदी खरं बोलला. "पण मला खात्री होती, तू मोजणार न्हाईस. कोणच मोजत न्हाय."

दानेश्वरीने ट्रेमधल्या व्हर्निअरकडे बघितलं. इतके दिवस ती ओरडत होती की मी बरोबर वाचलं. वाचलं होतंच. पण सळई जबड्यात धरताना व्हर्निअर हाताच्या अंतरावर होता, आणि मॅन्युअलमध्ये दहा लिहिलंय म्हणून तिने दहा मानलं होतं. समोरच्याने तिला फसवलं ते तिच्याच सवयीच्या भरवशावर. तिला एवढं लाजल्यासारखं कधी झालं नव्हतं, आणि महेश्वरवर तोंड टाकायची जी उकळी आली होती ती तिथल्या तिथे बसली.

"फाइल दे," ती म्हणाली.

विखुरण्याचं पान तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं. तिचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. 'चौथ्या नमुन्याची ताकद ३६९ आली ती धातू वेगळा होता म्हणून नव्हे, डायल चुकीचा वाचला म्हणूनही नव्हे. व्यास १० धरला होता, तो प्रत्यक्षात सुमारे ९.३ होता. तुटलेल्या तुकड्यावरून काढलेला हा व्यास साधारण पॉइंट एकने चुकू शकतो. त्याने दुरुस्त केलेली ताकद ४२७, कमीजास्त १२. व्यास चाचणीआधी मोजला नाही. मोजण्याची जबाबदारी दानेश्वरी बिराजदार हिची होती.'

महेश्वर तिच्या खांद्यावरून वाचत होता. तिने पेन ठेवल्यावर त्याने ते उचललं आणि खाली त्याच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'नमुना बारीक कातला गेल्याचे महेश्वर हिरेमठ याला माहीत होते. त्याने सांगितले नाही.'

"लसणीचं पण लिही," अजिंक्य म्हणाला. तुकडा कुठे सापडला ते तिने लिहिता लिहिता सांगितलं होतं. "तिची अज्जी आठवडाभर ठेचत होती. झिजला नसंल कशावरून?"

सगळे हसले, पण मग दानेश्वरी थांबली. प्रश्न बरोबर होता. तिने आणखी एक ओळ घातली: 'तुकडा मधल्या काळात लसूण ठेचण्यासाठी वापरला गेला. त्यामुळे झालेली झीज नगण्य धरली आहे.'

दुपारी मॅडमनी चौघांना पुन्हा टेबलापुढे उभं केलं. त्या वाचत होत्या. लसणीच्या ओळीवर त्यांचं पेन थांबलं.

"नगण्य कशावरून?"

"ठेचायला तुटलेलं टोक वापरलं, मॅडम," दानेश्वरी म्हणाली. "मी माप दांड्याच्या वरच्या भागावर घेतलं. तिथं अज्जीची बोटं असतात."

"मग तसं लिही. नगण्य म्हणून मोकळं व्हायचं नाही." त्यांनी तुकडा उचलून नाकाजवळ नेला आणि खाली ठेवला. "आणि हे दुरुस्त केलेलं ४२७ तू सरासरीत घेतलंयस. ते काढ. तीन सळयांची सरासरी वेगळी, ही वेगळी दाखव. हा आकडा तुटल्यावर बसवलेला अंदाज आहे, त्याला बाकीच्यांच्या पंगतीला बसवायचं नाही."

"हो, मॅडम."

"पहिल्या तिघांचा व्यास मोजला होतात?"

चौघांनी खाली बघितलं. "आधी न्हाय, मॅडम," दानेश्वरी म्हणाली. "आज सिद्धांतचा तुकडा मोजला, तो दहाच्या आसपास आला. बाकी दोघांचे तुकडे हरवले."

"मग तेही लिही. आणि हे दहा पॉइंट शून्य शून्य. मॅन्युअलमध्ये नुसतं दहा आहे. दोन शून्यं कुठून आली?"

सिद्धांत आणि अजिंक्यने महेश्वरकडे बघितलं. शेवटी दानेश्वरीच बोलली, "बरं दिसतं म्हणून घातली, मॅडम."

बनसोडे मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी बाकी तिघांना बाहेर जायला सांगितलं. दानेश्वरीला वाटलं, संपलं. स्वतःच्या हाताने आपण लिहून दिलं की मोजायचं काम माझं आणि मी मोजलं नाही. लॅबला आता कोणीही जाईल, आपण नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"चिंचोळीच्या लॅबमधून काल फोन आला होता," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी एवढंच विचारलं, आकडा जुळत नसला तर तुमची मुलं काय करतात? मी खरं सांगितलं. जुळवतात." त्यांनी टेबलावरच्या फाइलींच्या ढिगावर हात ठेवला. "या सगळ्यांत मानवी चूक आहे. प्रत्येक फाइलीत. पण माणूस कोण ते कुणी लिहिलेलं नाही. एक सोडून."

दानेश्वरीने मान वर केली.

"परीक्षा संपली की येणाऱ्या सोमवारी जा. पत्र मी देते. तिथे एखादा आकडा वेगळा आला तर ते तुला लगेच विचारतील, आणि तेव्हा आजीच्या लसणीपर्यंत जायला वेळ मिळणार नाही. आधी मोजायचं."

"हो, मॅडम," ती म्हणाली, आणि डोळे भरले म्हणून घाईने वळली.

बाहेर व्हरांड्यात तिघं भिंतीला टेकून उभे होते. सिद्धांतने फोन काढून ठेवला होता, फोटो आनंदाचा की दुःखाचा ते ठरायचं बाकी होतं. महेश्वर नखं कुरतडत होता.

"मिळालं?" अजिंक्यने विचारलं.

"मिळालं."

सिद्धांत ओरडला आणि दोन बोटं वर करून उभा राहिला. महेश्वर मात्र पुढे आला नाही. "माझी ओळ वाचली त्यांनी?" त्याने हळूच विचारलं.

"वाचली की."

"मग? काय म्हणाल्या?"

खरं तर मॅडम त्या ओळीबद्दल काहीच बोलल्या नव्हत्या. पण पोराचं तोंड इतकं उतरलं होतं की दानेश्वरीला राग धरवेना.

"म्हणाल्या, अक्षर लई चांगलं हाय."

महेश्वरने सुटकेचा श्वास टाकला. मग तिने थट्टा केली हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा दानेश्वरी जिन्यावरून हसत खाली निघाली होती.